बागेच्या जागी तिसरी इमारत आणि क्लबहाऊसचा पत्ता नाही: महारेरात तक्रार कशी मांडावी

प्रश्न: "पुण्यात 2019 मध्ये फ्लॅट बुक केला तेव्हा नकाशात दोन इमारती आणि मध्ये बाग होती. आता बागेच्या जागी तिसऱ्या इमारतीचा पाया खोदताहेत. क्लबहाऊस, स्विमिंग पूल नाही. बिल्डर म्हणतो, नकाशा रीतसर रिवाइज झालाय आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये तुम्ही संमती दिलीच आहे. सोसायटी अजून झालेली नाही. रेरात काही होईल का?"

होईल, पण "फसवणूक झाली" एवढंच लिहून नाही. अशा प्रकरणात निकाल तारखांवर लागतो. बिल्डरची चलाखी सिद्ध करत बसण्यापेक्षा कोणता नकाशा कधी मंजूर झाला, तुमचं अ‍ॅग्रीमेंट कधीचं आणि संमती कधीची, हे एका कागदावर उतरवा. अर्धी केस तिथेच उभी राहते.

रेरा कायद्याच्या कलम 14 च्या दोन बाजू आहेत. तुमच्या फ्लॅटच्या आतला बदल असेल तर तुमची स्वतःची आगाऊ संमती लागते. स्थापत्याच्या किंवा संरचनेच्या कारणाने होणारे किरकोळ फेरफार त्यातून वगळलेत, पण तेही आर्किटेक्ट-इंजिनिअरने तपासून, तुम्हाला कळवून. तुमची केस दुसऱ्या बाजूची आहे: लेआउट आणि सामायिक जागांतला बदल. त्याला बिल्डर सोडून बाकी फ्लॅटधारकांपैकी किमान दोन तृतीयांश लोकांची आगाऊ लेखी संमती लागते. बागेच्या जागी इमारत हा किरकोळ बदल आहे असं सुनावणीत म्हणायला बिल्डरचा वकीलही कचरेल.

आता मोजणी. एका माणसाने कितीही फ्लॅट घेतले, अगदी कुटुंबीयांच्या नावाने घेतले, तरी संमतीसाठी तो एकच धरला जातो. बिल्डरकडे न विकलेले फ्लॅट धरायचेच नाहीत. समजा 120 पैकी 100 फ्लॅट विकलेत आणि त्यातले पाच एकाच घरात आहेत. म्हणजे मोजायचे खरेदीदार 96, आणि लागणाऱ्या संमती 64. बिल्डर 66 फॉर्मचा गठ्ठा दाखवतो, पण त्यात त्या एका घराचेच पाच फॉर्म आहेत. खऱ्या संमती उरल्या 62, म्हणजे कमी. हा गठ्ठा तक्रारीतच मागून घ्या आणि रजिस्टरसारखा एकेक फॉर्म तपासा.

आमच्या स्वतःच्या प्रकल्पात फॉर्म भरपूर होते, तारखाच गंडलेल्या होत्या. सुधारित नकाशा मार्चमध्ये मंजूर झाला होता आणि संमतीपत्रांवर जूनचे शिक्के. ताबा देताना पार्किंगचं पत्र, मेंटेनन्सची पावती आणि सोसायटीच्या फॉर्मसोबत हाही कागद पुढे सरकवला होता, आणि चावीसाठी आलेल्या लोकांनी सह्या ठोकल्या. कायदा "आगाऊ" म्हणतो. नकाशा मंजूर झाल्यानंतर घेतलेली सही त्यात बसत नाही.

अ‍ॅग्रीमेंटमधल्या त्या सरसकट संमतीच्या कलमाला घाबरू नका. मोफा या रेराच्या आधीच्या, फ्लॅटविक्रीबद्दलच्या राज्य कायद्याखालच्या मधुविहार सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये म्हटलं होतं की अशी सरसकट संमती ही कायद्याला अपेक्षित संमती नव्हे. नेमकं काय बांधणार ते सांगून घेतलेली संमतीच चालते. पण याला दुसरी बाजू आहे. बुकिंगच्या वेळीच महारेराच्या पानावर आणि तुमच्या अ‍ॅग्रीमेंटला जोडलेल्या लेआउटवर "प्रस्तावित तिसरी इमारत" नकाशासकट दाखवलेली असेल, तर बिल्डर म्हणेल की यांना सगळं माहीत होतं, आणि तुमची बाजू बरीच पातळ होईल. म्हणून पहिलं काम म्हणजे अ‍ॅग्रीमेंटची परिशिष्टं वाचणं. लोक किंमत वाचतात, परिशिष्ट वाचत नाहीत.

दुसरं काम नकाशे मिळवणं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका आणि तिथे टाकलेले नकाशे, प्रारंभ प्रमाणपत्रं तारखेनुसार उतरवून घ्या. तिसऱ्या इमारतीला वेगळा नोंदणी क्रमांक घेतलाय का, तेही बघा. टप्प्याटप्प्याने वेगळी नोंदणी करून "हा वेगळा प्रकल्प आहे, तुमचा संबंध नाही" हा पवित्रा नेहमीचा. त्याला उत्तर तुमच्याच टप्प्याच्या लेआउटमधून द्यायचं: बाग तुमच्या सामायिक जागेत दाखवली होती की नाही. महापालिका किंवा पीएमआरडीएच्या बांधकाम परवानगी विभागातून मूळ आणि सुधारित, दोन्ही मंजूर नकाशांच्या प्रमाणित प्रती माहितीच्या अधिकारात मागवा.

नकाशा वाचताना एक गफलत हमखास होते. "अ‍ॅमेनिटी स्पेस" लिहिलेला तुकडा म्हणजे तुमचं क्लबहाऊस नव्हे. मोठ्या लेआउटमध्ये ती जागा सार्वजनिक सोयींसाठी ठेवावी लागते. तुमचा हक्क "मोकळी जागा" आणि सामायिक सुविधांवर आहे. तक्रारीत या दोन गोष्टींची सरमिसळ झाली तर बिल्डर त्यावरच अर्धी सुनावणी काढतो.

क्लबहाऊस आणि पूल याचा पुरावा वेगळा जमवा. अ‍ॅग्रीमेंटच्या परिशिष्टात लिहिलेली सुविधा सगळ्यात भक्कम. फक्त ब्रोशर किंवा जाहिरातीत असेल तर कलम 12 लागू होतं, त्यासाठी मूळ ब्रोशर आणि बुकिंगच्या वेळच्या ईमेल जपा. प्रत्येक सुविधेसमोर कागदाचं पान आणि आजचा तारखेचा फोटो, एवढा तक्ता पुरतो. ताबा घेतलाय म्हणून हक्क गेला असं नाही. अरिफुर रहमान खान वि. डीएलएफ सदर्न होम्स या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते साफ केलंय.

सोसायटीसाठी थांबू नका; खरेदीदार स्वतः तक्रार करू शकतो, संघटनाही करू शकते. चार-पाच जणांनी एकाच धर्तीच्या तक्रारी टाकल्या तर वजन पडतं. सोसायटी स्थापन करायला बिल्डरला भाग पाडा, हीसुद्धा मागणी त्याच तक्रारीत घाला.

मागण्या मात्र नेमक्या लिहा. "न्याय मिळावा" यावर आदेश निघत नाही. "अमुक नकाशानुसार बाग मोकळी ठेवावी, पूल आणि क्लबहाऊस इतक्या दिवसांत पूर्ण करावं" असं लिहा. नुकसानभरपाई मागायची तर ती न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, वेगळ्या अर्जाने. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या न्यूटेक निकालानंतर ही विभागणी पक्की आहे. पैसे आणि बांधकामाचा आदेश एकाच अर्जात कोंबलेला बघितला की मला डोळ्यांपुढे वाया गेलेले महिने दिसतात.

तुमच्या बाबतीत घाई आहे ती पायाची. स्लॅब चढत गेले की "आता पाडायचं का?" हा प्रश्न तुमच्या विरोधात जातो. म्हणून तक्रारीसोबतच कलम 36 खाली काम थांबवण्याचा अंतरिम अर्ज द्या आणि लवकर सुनावणीची विनंती त्याच दिवशी करा, खोदकामाचे फोटो जोडून. पोर्टलवर आधी समेटाचा पर्याय विचारतील. क्लबहाऊसबद्दल समेटाला बसायला हरकत नाही, पण बागेच्या बाबतीत काम थांबल्याशिवाय बसू नका; बैठका चालू असताना वरचे मजले थांबत नसतात.

एक मर्यादा धरून चला. रेरा महापालिकेची मंजुरी रद्द करत नाही. संमती नसताना ती मंजुरी बिल्डरला वापरू द्यायची का, हा रेराचा प्रश्न. पण पाया सुधारित नकाशाच्याही बाहेर खोदला जात असेल, तर महापालिकेकडे एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याखाली अनधिकृत बांधकामाची तक्रार लगेच करा. दोन्ही नकाशे आल्यावर इमारतीची बाह्यरेषा एकावर एक ठेवून बघा आणि फरक इथे टाका, मग पुढचा मसुदा बघू.