‘मी’ अडतो तिथे ‘तो’

“मॅडम, दोन वर्षांपूर्वी आईला दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं. ‘आमच्या जबाबदारीवर नेत आहोत’ त्या कागदावर सही माझी आहे. ते सगळं एकदा लिहून काढायचंय, पण ‘मी’ लिहिलं की हात पुढे चालत नाही. ‘ती’ म्हणून लिहिलं तर दोन पानं सहज होतात. मग वाटतं, ही पळवाट तर नाही? स्वतःचंच दुसऱ्याच्या नावावर खपवतेय का मी?”

पळवाट होऊ शकते, पण होतेच असं नाही. काय झालं ते लिहिलेल्या मजकुरातच दिसतं. कसं, ते एका गृहस्थांच्या लिखाणावरून सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

चाळिशी ओलांडलेले, नोकरी नीट, घर नीट. आले होते ते बायकोने पाठवलं म्हणून. मुलगा नऊ वर्षांचा झाला, शाळेने पोहण्याचा वर्ग काढला आणि यांना त्या फॉर्मवर सही करवेना. कारण विचारलं की चिडायचे. दुसऱ्या भेटीत तीन वाक्यांत सांगून मोकळे झाले: मे महिन्यात मामाच्या गावी विहिरीत धाकटा भाऊ बुडाला, तो नऊचा होता, मी तेराचा. घरात हा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

बोलायला जड जात होतं म्हणून लिहून बघू म्हटलं. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली सहकाऱ्यासोबत छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस, सगळ्यात त्रासदायक अनुभवाबद्दल लिहायला लावलं होतं. ती पद्धत पुढे जगभर वापरली गेली. तिच्यासोबत पेनेबेकर एक नियमही सांगतात, तो मात्र फारसा कुणी सांगत नाही: एखाद्या गोष्टीवर लिहिताना आपण कोलमडून पडू असं वाटलं, तर तिच्यावर लिहू नका, दुसऱ्या कशावर तरी लिहा. गृहस्थांनी माझ्यासमोर बसून पंधरा मिनिटांत जे लिहिलं ते एवढंच:

“सकाळी विहिरीवर गेलो. ऊन फार होतं. मामा मोटारीपाशी होते. डबा सोडला. तो पायऱ्यांवर बसला. नंतर आरडाओरडा झाला.”

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना डबा सांगायला नको. रिकामा प्लास्टिकचा कॅन, झाकण घट्ट लावून दोरीने पाठीला बांधायचा, म्हणजे पोर तरंगतं. आता वाक्यं पाहा. ‘गेलो’मध्ये ‘मी’ आहे, न लिहिताही कळतो. पण ‘डबा सोडला’ कोणी? आपल्या भाषेत अशा वाक्यात क्रियापद डब्याच्या मागे जातं, करणारा गाळला तरी वाक्य बिनबोभाट उभं राहतं. म्हणजे सगळं प्रथमपुरुषी, आणि ज्या एका वाक्यासाठी हा माणूस तीस वर्षं झोपेत दचकत होता, नेमकं तिथेच माणूस गायब.

म्हणून तुमच्या शंकेतलं एक गृहीतच मला पटत नाही. ‘मी’ लिहिलं की खरं आणि ‘ती’ लिहिलं की बनाव, असं काही नसतं. ‘मी’ लिहूनही माणूस स्वतःला गाळू शकतो. या गृहस्थांनी ते मुद्दाम केलं नव्हतं. मी त्या वाक्यावर बोट ठेवलं तेव्हा त्यांचे हात थरथरायला लागले. पेन ठेवायला सांगितलं आणि त्या दिवशी विषय बदलला.

पुढच्या भेटीत ‘तो’ म्हणून लिहिलेला मजकूर आला. “सुट्टीसाठी मामाच्या गावी आलेल्या दोघा भावांपैकी लहान भावाचा पाण्याचा अंदाज न आल्याने…” मी तिथेच थांबवलं. हे वाक्य आपण पेपरात शेकडो वेळा वाचलेलं आहे. ते त्यांचं नव्हतंच, जिल्ह्याच्या पानावरचं होतं. पळवाट म्हणतात ती ही. ओळखायची खूण अशी की मजकुरात कोणालाच शरीर नसतं. ऊन लागत नाही, दोरी हाताला काचत नाही, कोणी काही बोलत नाही. लिहिणाऱ्यालाही लिहून झाल्यावर काही वाटत नाही, आणि त्यालाच तो प्रगती समजतो.

मधल्या काळात त्यांनी आपल्या मनाने आणखी एक करून पाहिलं. रात्री एकटे बसून ‘तू’ने लिहिलं. “तू डबा सोडलास. तू मोठा होतास. तुला कळायला हवं होतं.” चार पानं, आणि मग सकाळपर्यंत जागरण. मन स्वतःला दोष देणारं असेल तर द्वितीयपुरुष फार लवकर फिर्यादीच्या हाती जातो. अंतर मिळण्याऐवजी जुनंच बोलणं बाहेरच्या आवाजात ऐकू येतं. ‘तू’ उपयोगी पडतो तो लिहिणारा कोण आणि ऐकणारा कोण हे आधी ठरलेलं असेल तेव्हा. उदाहरणार्थ, आजचा चाळिशीतला बाप तेरा वर्षांच्या मुलाला पत्र लिहितोय असं. ते आम्ही नंतर केलं, पण आधी नाही.

आधी ‘तो’च दुरुस्त केला. त्यात एक साधी अडचण होती. भाऊही ‘तो’ आणि स्वतःही ‘तो’. कोण पाण्यात, कोण काठावर, कळेना. त्यांनी उपाय काढला, मोठा आणि धाकटा. पान वाचताना माझ्या लक्षात आलं की ‘मोठा’ या एका शब्दात घरच्यांचा सगळा न्यायनिवाडा आलाय. मोठा असून लक्ष दिलं नाही. विचारलं, तेव्हा तुम्हाला हाक काय मारायचे? जरा वेळाने म्हणाले, “पप्या.” मग ठरलं की लिखाणात पप्याच. आणि दोन अटी. पप्या जिथे उभा आहे तिथून जे दिसतं, ऐकू येतं तेवढंच लिहायचं. आणि करणाऱ्याशिवाय एकही वाक्य नको.

असं झालं:

“पप्या तिसऱ्या पायरीवर बसला होता. चड्डी ओली होती, दगड तापलेला. धाकटा म्हणाला, मला येतं आता, डबा काढ. पप्या म्हणाला, नको. मामा वरून म्हणाले, काढ की रे, आठवडा झाला पोहतोय तो. गाठ ओली होती, निघेना. पप्याने दाताने सोडली.”

इतकं लिहून ते थांबले, रडले, पण या वेळी पेन हातात होतं. मी विचारलं, मामांचं हे वाक्य आज आठवलं की आधीपासून माहीत होतं? हे विचारावंच लागतं. लिहिताना तपशील भरले जातात, आणि सगळेच खरे घडलेले असतात असं नाही. नव्याने उगवलेल्या तपशिलावर मी कधीही कोणाचा दोष ठरवू देत नाही. ते म्हणाले, “माहीत होतं. नेहमीच माहीत होतं. पण मी ते कधी धरलंच नाही.” ‘मी’च्या गोष्टीत मामांच्या वाक्याला जागा नव्हती, कारण तिथे दोषी आधीच ठरला होता. पप्याच्या गोष्टीत काठावर एक मोठा माणूस होता आणि पप्या तेराचा होता. त्यांनी हे मला सांगितलं नाही, स्वतःच्या पानावर वाचलं.

इथे संशोधनाबद्दल थोडं, कारण हल्ली ‘स्वतःला नावाने हाक मारा’ हा सल्ला सर्रास मिळतो. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये छापलेल्या प्रयोगांत लोकांना अचानक भाषण देण्यासारख्या ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी बोलायला लावलं, काहींना ‘मी’ने, काहींना स्वतःच्या नावाने किंवा ‘तू’ने. ‘मी’ टाळणाऱ्यांना त्रास कमी झाला. पण भाषणाची धास्ती वेगळी आणि बुडालेला भाऊ वेगळा. या दुसऱ्या जागी नाव घेतल्याने दुःख कमी होतं असा दावा मी करणार नाही. बघण्यापुरती जागा मिळते, एवढंच.

आणि त्या जागेत मुक्काम ठोकायचा नसतो. कॅम्पबेल आणि पेनेबेकर यांनी २००३ मध्ये जुन्या लेखन-प्रयोगांतले मजकूर पुन्हा तपासले, तेव्हा तब्येतीत सुधारणा दिसली ती ज्यांची सर्वनामं एका दिवसाकडून दुसऱ्या दिवसाकडे बदलत गेली त्यांच्यात. म्हणून पप्याची गोष्ट पुरी झाल्यावर आम्ही ‘मी’ परत आणला, पण एका वेळी एकच वाक्य. सुरुवात सोप्या वाक्यापासून: “मी तिसऱ्या पायरीवर बसलो होतो.” मोठ्याने वाचायचं, पाय जमिनीला टेकलेले, श्वास अडकला तर परत पप्या. ‘दाताने गाठ सोडली’पर्यंत पोचायला बऱ्याच भेटी लागल्या. विहिरीतून वर काढलं तिथपासूनचा भाग त्यांनी आजही पप्याच्याच नावाने ठेवलाय. मी आग्रह धरला नाही. मुलाच्या फॉर्मवर सही झाली, पण पहिले काही दिवस हे स्वतः तलावाच्या कठड्याला धरून उभे असत आणि प्रशिक्षकाला भंडावून सोडत. बायको म्हणते, अजूनही सोडतात.

काही जणांना मात्र मी हा मार्ग सुचवत नाही. त्रासदायक प्रसंग आठवला की आपण छतावरून स्वतःला पाहतोय असं ज्यांना आपोआपच होतं, हातपाय आपले वाटत नाहीत, मधला वेळ कुठे गेला कळत नाही, त्यांच्याकडे अंतर आधीच जास्त आहे. त्यात ‘ती’ची भर नको. तिथे काम उलट दिशेने, जमिनीवर येण्याचं असतं, आणि ते एकट्याने वहीत करण्यासारखं नाही. घटना अगदी ताजी असेल तेव्हाही नको. आणि जगूच नये असे विचार येत असतील तर वही बाजूला ठेवून आधी माणसाशी बोला. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही आहे.

आता तुमचं. दोन पानं सहज झाली म्हणता, ती मला थोडी संशयास्पद वाटतात. ती काढून बघा. त्यात ‘सही झाली’ असं लिहिलंय की ‘तिने सही केली’? पेन कोणाचं होतं, कागद टेबलावर होता की नर्सने पुढे धरला होता, मागे कोण उभं होतं, भाऊ-बहिणी काय म्हणाले, हे आलंय का? नसेल तर अजून पेपरातली बातमी आहे, पुन्हा लिहा. तुमच्याकडेही तीच अडचण येणार: आईही ‘ती’ आणि तुम्हीही ‘ती’. म्हणून स्वतःसाठी नाव घ्या, पण आई मारायची ती हाक नको. ती पहिल्याच ओळीत गळ्याशी येईल. ऑफिसात वा मैत्रिणींत चालतं ते घ्या. बसायचं पंधरा मिनिटं, रात्री झोपताना नाही, आणि नंतर अर्धा तास तरी मोकळा असेल अशा वेळी. पहिल्या दिवशी सहीपर्यंत जाऊ नका, दवाखान्याच्या जिन्यापर्यंत पुरे.