हप्त्याच्या तारखेला पैसे टाकणं म्हणजे उशीरच

प्रश्न: टू-व्हीलर लोनचा हप्ता ५ तारखेला असतो. या वेळी ५ लाच सकाळी अकरा वाजता खात्यात पैसे टाकले, तरी ईएमआय बाउन्स दाखवतोय आणि दोन वेगवेगळे चार्ज लागलेत. बँक म्हणते फायनान्सला विचारा, फायनान्सवाले म्हणतात बँकेला विचारा. चूक कोणाची? मी मुंबईत राहतो.

उत्तर:

चूक पैसे उशिरा टाकण्याची. तुम्हाला हे आवडणार नाही, माझ्या दिरालाही आवडलं नव्हतं. पण अकरा वाजता तुम्ही पैसे टाकलेत तोपर्यंत तुमचा हप्ता परत गेलेला असणार. लोनचा हप्ता नाचमधून जातो, म्हणजे खात्यातून हप्ते आपोआप कापणाऱ्या बँकांच्या NACH यंत्रणेतून. फायनान्स कंपनी आदल्या एक-दोन दिवसांतच सगळ्या गिऱ्हाइकांची यादी तिच्या बँकेकडे देऊन ठेवते आणि ती यादी ५ तारखेला सकाळीच तुमच्या बँकेच्या सिस्टिमपर्यंत पोचते. त्या क्षणी खात्यात काय शिल्लक आहे तेवढंच बघितलं जातं. पुरेसे असतील तर कापले, नसतील तर ‘बॅलन्स इन्सफिशियंट’ असं कारण लावून परत. तुम्ही कामावर जायच्या गडबडीत असता तेव्हा हे सगळं उरकलेलं असतं. म्हणून ५ चा हप्ता म्हणजे पैसे ४ तारखेला रात्री खात्यात हवेत.

दोन चार्ज दोन वेगळ्या लोकांचे आहेत. एक तुमच्या बँकेचा, मँडेटवर, म्हणजे हप्ता कापायला तुम्ही दिलेल्या परवानगीवर, आलेला हप्ता परत केल्याबद्दल. दुसरा फायनान्स कंपनीचा, लोनच्या करारात लिहिलेला. म्हणून दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि आपापल्या चार्जपुरते दोघेही बरोबर असतात.

आता आमच्या घरात काय झालं ते सांगते, कारण तुमचा खरा धोका पुढे आहे आणि तो कस्टमर केअरवाले सांगत नाहीत.

माझा दीर भांडुपला आमच्याच चाळीत राहतो. त्याने स्कूटरच्या हप्त्यासाठी वेगळं खातं ठेवलंय. पगार दुसऱ्या खात्यात येतो, तिथून हप्त्यापुरते इकडे टाकतो. हप्ता ४,८७० रुपये. त्याचं ठाम मत असं की खात्यात हप्त्याएवढेच ठेवायचे, जास्त ठेवले की खर्च होतात. ‘वहिनी, तुम्ही बँकेत पैसे झोपवून ठेवता,’ हे मला लग्न झाल्यापासून ऐकवतोय. घराचे सगळे हप्ते, विमा, शाळेची फी मी बघते, आणि प्रत्येक खात्यात चार पैसे वर ठेवते, त्यावरून.

त्या महिन्यात ५ तारीख रविवारी आली. शनिवारी संध्याकाळी खात्यात ४,९१२ होते. रात्री पावणेदहाच्या सुमारास एका ओटीटी ॲपचे १४९ रुपये यूपीआय ऑटोपेने गेले, उरले ४,७६३. सकाळी हप्ता आला, १०७ रुपये कमी पडले, परत गेला. दीर म्हणत होता, रविवारी बँक बंद असते, सोमवारी जाईल. तसं पूर्वी होतं. १ ऑगस्ट २०२१ पासून नाच रविवारी आणि बँकेच्या सुट्टीलाही चालतं. लोक अजून जुन्याच हिशेबात आहेत आणि याच एका गैरसमजापायी पैसे जातात.

बाउन्सचा मेसेज बघून त्याने दहा वाजता २०० रुपये टाकले. १०७ कमी होते, २०० टाकले, झालं, असा त्याचा हिशेब. खात्यात ४,९६३. मंगळवारी बँकेने रिटर्न चार्ज कापला, २५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९५. उरले ४,६६८. हे त्याने बघितलं नाही, कारण २९५ चा मेसेज जाहिरातींच्या मेसेजांत गेला. गुरुवारी ९ तारखेला फायनान्स कंपनीने तोच हप्ता पुन्हा पाठवला. ४,८७० हवे होते, ४,६६८ होते. पुन्हा परत. पुन्हा २९५. आणि कंपनीचे त्यांच्या करारातले ५०० रुपये प्रत्येक वेळचे, म्हणजे १,०००. एकूण १,५९० रुपये, सुरुवातीला १०७ कमी पडले म्हणून.

हेच तुमच्या बाबतीत होऊ शकतं. पहिल्या बाउन्सचा चार्जच दुसरा बाउन्स करतो. कमी पडलेली रक्कम भरून भागत नाही; बँकेचा चार्ज अजून कापायचा असतो आणि तो कधी कापतील याचा नेम नाही. खात्यात पैसे नसतील तर तो थांबतो आणि पुढे जे पैसे येतील त्यातून आधी तो घेतात. म्हणून आजच खात्यात हप्ता अधिक किमान सहाशे-सातशे रुपये ठेवा. तुमच्या बँकेचा चार्ज तिच्या सर्व्हिस चार्जच्या तक्त्यात असतो, तो एकदा बघून घ्या.

किंवा हप्ता थेट कंपनीच्या ॲपमधून भरून टाका. पण भरल्यावर त्यांना फोन करून विचारा की पुन्हा पाठवायची यादी गेली आहे का. गेली असेल तर तुम्ही भरूनही तो हप्ता दुसऱ्यांदा कापला जाईल. तो नंतर परत मिळतो किंवा पुढच्या हप्त्यात वळता होतो, पण तोपर्यंत तुमचे पैसे अडकले. फोनवर जे सांगतील ते ईमेलवर मागा, नुसत्या ‘हो मॅडम’वर विसंबू नका.

आम्ही मग काय केलं? मी दिराला घेऊन बँकेत गेले. स्टेशनजवळच्या शाखेत काउंटरवरच्या बाईंनी स्टेटमेंट काढून दिलं. त्यात दोन ओळी नीट बघायच्या असतात: एक `ACH` किंवा `NACH` लिहिलेली, पुढे कंपनीचं नाव असलेली, आणि दुसरी रिटर्न चार्जची. पहिलीसमोर कारण विचारून घ्या, कारण सगळा वाद त्या कारणावर ठरतो. शिल्लक कमी असेल तर चार्ज माफ करायला बँक बांधील नाही, आणि त्यांनी केलाही नाही. पण कारण मँडेट नोंदवलेलंच नाही, मुदत संपली किंवा रक्कम मर्यादेपेक्षा जास्त असं असेल, तर प्रश्न कंपनीला विचारायचा. मँडेटवर कमाल रक्कम आणि शेवटची तारीख लिहिलेली असते. पैसे असूनही हप्ता त्यामुळे परत गेला तर नवं मँडेट वेळेत घेणं कंपनीचं काम होतं, तिचा बाउन्स चार्ज गप्प बसून भरू नका. फायनान्स कंपनीला मी लिहून दिलं की पहिल्या बाउन्सनंतर तुम्ही आम्हाला कळवलं नाहीत आणि चार दिवसांत परस्पर पुन्हा पाठवलंत. त्यांनी दुसरा ५०० चा चार्ज मागे घेतला. नियमाने नव्हे, पण घेतला.

दीर मला म्हणाला, ‘चेक थोडाच बाउन्स झालाय, एवढं काय?’ यावर आमचं जोरात वाजलं. कायद्यात हे चेकसारखंच आहे. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स ॲक्ट, २००७ च्या कलम २५ प्रमाणे शिल्लक नसल्याने इलेक्ट्रॉनिक पेमेंट परत गेलं तर तो गुन्हा ठरू शकतो, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड. नोटीस येऊन मुदतीत पैसे न भरले तर ही वेळ येते, एका हप्त्याने कोणी तुरुंगात जात नाही. पण ‘एवढं काय’ म्हणण्यासारखंही नाही.

त्याचा दुसरा हट्ट, मँडेटच बंद करतो आणि दर महिन्याला हाताने भरतो. करू नका. मँडेट बंद केलं तरी हप्ता बंद होत नाही, आणि बऱ्याच करारांत मँडेट चालू नसल्याचाही वेगळा चार्ज असतो. रात्रपाळी, लोकलची गर्दी, घरचं आजारपण, यांत ५ तारीख लक्षात राहील असं ज्याला वाटतं त्याने माझ्याशी वाद घालावा. माझ्या मते हप्त्याचं खातं वेगळं असावं, यात दीर बरोबर आहे. मात्र त्या खात्यावर एकही ओटीटी, रिचार्ज किंवा दुसरा ऑटोपे नसावा आणि त्यात हप्त्याच्या वर हजार रुपये कायम पडून असावेत. ते झोपलेले पैसे नाहीत, त्यांचं कामच ते आहे. हजारावर बचत खात्यात वर्षाला पंचवीस-तीस रुपये व्याज मिळतं. त्याला दोन बाउन्सला १,५९० लागले, ५०० मागे घेतल्यावरही १,०९० गेलेच. हा हिशेब मी त्याला कागदावर मांडून दिला.

यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन कोणकोणती मँडेट चालू आहेत ते बघा आणि हप्त्याच्या खात्यावरची काढून टाका. कार्ड आणि यूपीआयच्या ऑटोपेला पैसे कापायच्या २४ तास आधी कळवावं लागतं, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. तो मेसेज दिरालाही शुक्रवारी आला होता. लोनच्या नाच हप्त्याला तशी सक्तीची सूचना नसते, तिथे तुम्हालाच लक्ष ठेवायला हवं.

काही गोष्टी राहिल्या. काही बँका सकाळी पैसे नसतील तर दिवसात पुन्हा एकदा बघतात, त्यामुळे कोणीतरी ‘माझं अकराला टाकूनही गेलं’ असं सांगेल. खरं असेल, भरवसा ठेवू नका. पगार ७ ला आणि हप्ता ५ ला असेल तर कंपनीला तारीख बदलून मागा. काही देतात, काही नवं मँडेट मागतात. सिबिलची माहिती आता महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा जाते, म्हणून राहिलेला हप्ता महिनाअखेरपर्यंत लांबवू नका. आणि चार्ज चुकीचा लागला असं कारण पाहून ठरलं, तर आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर. तुमच्या बाबतीत कारण शिल्लक कमी हेच निघेल असं मला वाटतं, तरी एकदा स्टेटमेंट काढून बघा. आणि त्यात रिटर्न चार्ज अजून कापलेला दिसत नसेल, तर तेवढे पैसे आजच खात्यात टाकून ठेवा.