४९ टक्के भागीदाराने काय मागावे?

चाकणच्या कारखान्यासाठी ५१:४९ संयुक्त कंपनी काढताना लक्षात घ्या की, तुमचे ४९ टक्के, तीन-चतुर्थांश मते लागणारे भागधारकांचे विशेष ठराव अडवू शकतात. परंतु अंदाजपत्रक, कर्ज आणि भागीदाराच्याच दुसऱ्या कंपनीकडून होणारी खरेदी संचालक मंडळात साध्या बहुमताने मंजूर होऊ शकते, आणि नफा बहुधा तिथूनच झिरपतो. या बाबी राखीव ठेवून तुमच्या संचालकाची संमती सक्तीची करा. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेतही ती अट टिकली पाहिजे, कारण पळवाट नेमकी तिथे असते. हे सारे आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीतही उतरवा: केवळ भागधारकांच्या करारातले भागहस्तांतरणाचे निर्बंध कंपनीवर बंधनकारक नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या रंगराज प्रकरणात ठरवले. कोंडी फुटेना तर वाटा विकण्याचा हक्क आणि त्रयस्थ मूल्यांकनकर्त्याची पद्धत आधीच लिहून घ्या.