फर्स्ट इयरच्या भाषणात रिस्क कशी समजावू?

फायनान्स क्लबचा प्रेसिडेंट आहे, फर्स्ट इयरच्या मुलांसमोर बोलायचंय. रिस्क म्हणजे फक्त पैसे बुडायचा चान्स नाही हे कसं सांगू?

व्याख्या स्लाईडवर टाकू नकोस, झोपतील. सरळ बोर्डवर दोन फंड लिही, एक दोन्ही वर्षं ५ टक्के देतो, दुसरा एका वर्षी ५० टक्के वर आणि पुढच्या वर्षी ४० टक्के खाली. सरासरी दोघांची ५ च येते, मग विचार की कुठला घेणार, बरेच जण ५० बघूनच हात वर करतील बघ.

मग गणित कर. पहिल्यात १०० चे ११०.२५ होतात. दुसऱ्यात १०० चे १५० आणि त्यातले ४० टक्के गेले की उरले ९०, म्हणजे सरासरी प्लसमध्ये आणि खिसा मायनसमध्ये! कारण ४० टक्के पडतात ते वाढलेल्या रकमेवर. उलट्या क्रमाने केलं, आधी ६० मग ९०, तरी शेवट तोच.

पण खरी मजा इथे आहे, एका वर्षानेच फी भरायला पैसे काढावे लागले तर एका क्रमात हातात १५० आणि दुसऱ्यात ६०. फंड तोच, रिस्क मात्र पैसे कधी लागणार त्यावर ठरली, आणि तुम्हाला पैसे कधी लागणार हे फंडाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

कोणीतरी म्हणेलच की मग कॅश ठेवू, सेफ. त्याला सांग, महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर साधारण १२ वर्षांत त्याच पैशात निम्म्याच वस्तू येतात, आकडा एक रुपयाने न घटता.

स्टँडर्ड डेव्हिएशन वगैरे पुढच्या सेशनला ठेव.