चित्र सुंदर, पण पंप चुकलेला

प्रश्न : मुलाने मेकॅनिकल डिप्लोमा केला आणि ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकला. रबाळे एमआयडीसीतल्या एका पंप उत्पादकाला कॅटलॉगसाठी पंपाचं चित्र करून दिलं. 'दिसायला छान आहे, पण पंप चुकलाय' म्हणून ते परत आलं. चित्र सोबत पाठवते आहे. आता त्याने डिझाइनचा मोठा कोर्स करावा का? – एक आई, ऐरोली

उत्तर : कोर्सची घाई नको. प्रकाश, रंगाची चकाकी, मागचा शॉपफ्लोअर, सगळं उत्तम जमलंय. कमी पडलंय ते ड्रॉइंग वाचणं, आणि त्याचा पाया डिप्लोमात झालेला आहे.

त्याने 65-160 मॉडेल दाखवलंय. या आकड्यांत 65 म्हणजे डिलिव्हरीचा, पाणी बाहेर पडण्याच्या तोंडाचा, व्यास मिलिमीटरमध्ये आणि 160 म्हणजे इम्पेलरचा, आत फिरणाऱ्या चाकाचा, ठोकळ व्यास. सक्शन, म्हणजे पाणी आत येण्याचं तोंड, 80 असतं. चित्रात दोन्ही तोंडांचे फ्लँज, म्हणजे पाइप बोल्टने जोडायच्या चकत्या, सारखेच आहेत. सक्शन मोठं ठेवतात, कारण आत येणाऱ्या पाण्याचा वेग वाढला की दाब घटतो, पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि इम्पेलर खात जातात. खरेदी विभागातल्या माणसाची नजर आधी इथेच जाते.

सक्शन फ्लँजला सहा बोल्ट आहेत. 80 मिमी, पीएन 16 या दाब-श्रेणीच्या फ्लँजला आठ लागतात. शिवाय त्याने एक भोक बरोबर माथ्यावर ठेवलंय. प्रत्यक्षात उभी मध्यरेषा दोन भोकांच्या मधून जाते.

पाइपिंगची चूक जास्त महाग पडते. 100 मिमीचा सक्शन पाइप 80 वर आणताना त्याने दोन्ही बाजूंनी निमुळता होणारा रिड्युसर लावलाय. खालच्या टाकीतून येणाऱ्या आडव्या लाइनवर एकाच बाजूने निमुळता होणारा एक्सेंट्रिक रिड्युसर लागतो, सपाट बाजू वर ठेवून, नाहीतर माथ्यावर हवा साठते. डिलिव्हरीला पंपानंतर आधी एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, आणि मग गेट व्हॉल्व्ह येतो, म्हणजे गेट बंद करून एनआरव्ही उघडता येतो. चित्रात क्रम उलटा आहे. मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग चमकताना दिसावं म्हणून गार्ड काढलाय, तोही परत बसवावा. उघडं फिरतं कपलिंग कॅटलॉगात कुणी छापणार नाही.

पुढच्या कामाला इंटरनेटवरचे फोटो बघून मॉडेल करू नये. कंपनीकडून जीए, म्हणजे एकूण मांडणीचं ड्रॉइंग आणि थ्रीडी मॉडेलची स्टेप फाइल मागावी. ब्लेंडर स्टेप थेट उघडत नाही, फ्रीकॅडमधून ओबीजे करून न्यावी. मग प्रकाशयोजनेला हात लावण्याआधी साधं राखाडी रेंडर डिझाइन इंजिनिअरला दाखवून त्याची सही घ्यावी. रंग चढल्यावर फ्लँज बदलायचा म्हणजे रात्र जाते. मांडणीसाठी चित्र आडवं उलटवायचा मोह होतो, तोही टाळावा. केसिंगचा शंख आणि त्यावरचा फिरण्याचा बाण, दोन्ही उलटे होतात.

हेच चित्र दुरुस्त करून त्याच कंपनीला पुन्हा पाठवू दे. सोबत कोणत्या ड्रॉइंगवरून काय बदललं, ते चार ओळींत लिहावं. नोकरीसाठी अर्ज करताना पोर्टफोलिओत आधीचं आणि नंतरचं, दोन्ही चित्रं शेजारी ठेवावीत.