थांबलेल्या आकड्यामागची वजाबाकी

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. पेन्सिलने डोळा रेखाटतानाची ती रील गाजली, नऊ दिवसांत ९०० चे ९,१०० फॉलोअर झाले आणि गेले दोन महिने आकडा जागचा हलत नाही. अल्गोरिदमने दाबलंय, असं तुला वाटतंय. मलाही एकदा तोच संशय आला होता आणि त्या नादात मी चांगली चाललेली मालिका बंद करून टाकली होती. म्हणून आधी एक हिशोब कर.

फॉलोअरचा आकडा म्हणजे आलेले वजा गेलेले. येणारे किती, हे तुझ्या पोस्ट किती नव्या लोकांपुढे जातात यावर ठरतं. जाणारे मात्र असलेल्यांच्या प्रमाणात जातात. समज, महिन्याला नवे ३०० येतात आणि असलेल्यांपैकी ३ टक्के जातात. ९०० असताना २७ गेले, वाढ झाली २७३. ९,१०० असताना तेच ३ टक्के म्हणजे २७३ जण गेले, वाढ उरली फक्त २७. काम तेच, येणारेही तेवढेच, तरी आकडा गोठलेला.

तेव्हा एकूण आकड्याकडे बघणं सोड. इन्स्टाग्रामच्या Insights मध्ये Follows आणि Unfollows वेगवेगळे दिसतात. गेल्या आठ आठवड्यांचे दोन्ही आकडे आठवडावार वहीत लिहून काढ. एखाद्याच दिवशी मोठी घसरण दिसली तर ती बाजूला ठेव. बनावट खाती एकदम काढली जातात तेव्हाही तसं होतं.

जाणारे आठवड्यागणिक कमी होत असतील, तर त्या एका रीलपुरती आलेली गर्दी ओसरते आहे. ओसरू दे. कमी होतच नसतील, तर ते कोणत्या तारखांना गेले हे तुझ्या पोस्टच्या तारखांशी ताडून बघ. माणसं बहुधा पोस्ट समोर आली की जातात; जे खाते दिसतच नाही ते अनफॉलो करायची आठवण कुणाला होणार? रेखाटनासाठी आलेल्यांना तू मध्येच सलग प्रवासाचे फोटो दाखवलेस, त्याच आठवड्यात जाणाऱ्यांचा आकडा फुगलेला दिसेल अशी मला शंका आहे.

येणारेच घटले असतील तर गोष्ट वेगळी. मग फॉलो न करणाऱ्यांपर्यंतची पोच आणि प्रोफाइलला दिलेल्या भेटी बघ. पोच टिकून भेटी घटल्या असतील, तर रील बघणाऱ्याला तू कोण हे जाणून घ्यावंसं वाटत नाही. भेटी तेवढ्याच असून फॉलो कमी झाले असतील, तर दोष प्रोफाइलमध्ये आहे: वरच्या नऊ चौकटींत रेखाटनं किती आहेत ते मोज. काही जण रीलवरूनच थेट फॉलो करतात, त्यामुळे हे गणित तंतोतंत जुळणार नाही. कल दिसला तरी पुरे.

आकडे लिहून झाले की पाठव. तोवर पोस्टची वेळ, विषय, काहीही बदलू नकोस, नाहीतर कशामुळे काय झालं हे आपल्या दोघांनाही कळणार नाही.