सोलर टेक्निशियनचा रिझ्युमे: 'पॅनल फिटिंग केलं' याच्यापुढे काय लिहायचं?

प्रश्न: आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. ठेकेदाराकडे तीन वर्षं सोलरचं काम करतोय, बहुतेक घरांवरचं, एक शाळाही केली. मित्र म्हणतो, '२०० किलोवॅटचा अनुभव' असं टाक. रिझ्युमेत नेमकं काय लिहू?

उत्तर:

भाऊ, २०० किलोवॅटचा आकडा टाकू नका. सगळ्या साइट्सची बेरीज करून तो कुणीही लिहितो आणि त्यातून काही कळत नाही. २०० किलोवॅटच्या साइटवर नुसतं स्ट्रक्चर आवळणारा आणि ५ किलोवॅटचं घर एकट्याने चालू करून देणारा, यातला दुसरा आम्हाला हवा असतो. म्हणून तीन-चारच साइट्स निवडा आणि प्रत्येकीची एक ओळ लिहा. उदाहरणार्थ:

'घरगुती, आरसीसी स्लॅब. ५४० वॅटची १० पॅनल (५.४ किलोवॅट), एक स्ट्रिंग, ५ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर. स्ट्रक्चर, डीसी केबलिंग, अर्थिंग आणि चाचणी मी केली. एसी जोडणी परवानाधारक वायरमनने.'

पॅनलची क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता वेगवेगळी लिहिली, की माणसाला दोन्हींतला फरक कळतो हे तिथेच दिसतं. शेवटचा अर्धा भागही गाळू नका. कुठलं काम तुमचं नव्हतं हे लिहिलं, की बाकीच्यावर विश्वास बसतो.

साइट सर्व्हेबद्दल 'सर्व्हे केला' एवढंच लिहिलेलं असतं. सर्व्हेमुळे काय बदललं ते लिहा. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी नऊ ते दुपारी तीनच्या मध्ये पॅनलवर येत होती म्हणून दोन पॅनल हलवली, वीजबिलावरचा मंजूर भार कमी होता म्हणून आधी तो वाढवून घ्यायला सांगितलं, असं काही. असा एक प्रसंग पुरतो.

खरी परीक्षा कमिशनिंगच्या ओळीवर होते, म्हणून तिथे जास्त जागा द्या. शाळेचं काम केलंय ना? समजा तिथे दहा-दहा पॅनलच्या दोन स्ट्रिंग होत्या. ५४० वॅटच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज डेटाशीटवर साधारण ४९-५० असतं, पण दुपारी पॅनल तापलं की ते ४५ च्या आसपास येतं. म्हणजे एका स्ट्रिंगला ४५० च्या जवळपास मिळायला हवेत. एकीवर ४५४ आले आणि दुसरीवर ४०९, तर फरक बरोबर एका पॅनलचा आहे: जोडताना कुणीतरी एक पॅनल वगळलंय. फरक १५ व्होल्टच्या आसपास असेल, तर एखाद्या पॅनलचा बायपास डायोड शॉर्ट झाल्याचा संशय घ्यायचा. मीटरवर उणे चिन्ह आलं, तर पोलॅरिटी उलटी. गंमत म्हणजे ४०९ वरही इन्व्हर्टर मुकाट चालू होतो, ग्राहकाला कळत नाही आणि वीज मात्र रोज थोडी कमी बनते. त्यामुळे अशी चूक चालू करण्याआधी तुम्ही पकडली असेल, तर ती आकड्यांसकट लिहा: 'दोन स्ट्रिंगमधला ४५ व्होल्टचा फरक शोधून सुटलेलं पॅनल जोडलं.' मुलाखतीत मी याच ओळीवर बोट ठेवून 'मग काय केलं?' असं विचारीन, आणि ज्याने केलंय तो अडखळत नाही.

त्यासोबत मेगरने इन्सुलेशन तपासलं का, अर्थिंगचं रीडिंग किती आलं, एसी ब्रेकर पाडल्यावर इन्व्हर्टर लगेच बंद होतो का हे पाहिलं का, तेही लिहा. ही शेवटची चाचणी महत्त्वाची, कारण लाइन गेल्यावरही इन्व्हर्टर वीज देत राहिला, तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल.

सुरक्षेत 'हेल्मेट, ग्लोव्ह्ज वापरतो' हे सगळेच लिहितात. त्यापेक्षा लोड चालू असताना एमसी४ कनेक्टर कधी ओढत नाही, आधी इन्व्हर्टर बंद आणि डीसी आयसोलेटर ऑफ करून, करंट शून्य झालाय हे क्लॅम्प मीटरने बघतो, असा क्रम लिहा. डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही, त्यामुळे हा क्रम माहीत असलेला माणूस लगेच ओळखू येतो. आयसोलेटर ऑफ केला तरी उन्हातल्या स्ट्रिंगमध्ये व्होल्टेज असतंच, हेही तुम्हाला विचारलं जाईल. उंचीवर हार्नेस कशाला अडकवता, हेही सांगता आलं पाहिजे. पॅनलच्या फ्रेमला अडकवतो म्हणालात तर मुलाखत तिथेच संपली.

आयटीआय, वायरमन परवाना आणि सूर्यमित्र प्रशिक्षण झालं असेल तर ते, हे सगळं नावाखालीच, वर्षासकट. परवाना नसेल तर 'एसी जोडणी देखरेखीखाली' असं लिहा. एकूण दोन पानांच्या वर जाऊ नका. साइटचे फोटो जोडायचे असतील तर पूर्ण झालेल्या छतापेक्षा डीसी बॉक्सच्या आतला, फेरूल आणि लेबल दिसणारा फोटो द्या. त्यात ग्राहक क्रमांक किंवा घरमालकाचं नाव दिसत असेल तर झाका.